८६ टक्के जिंकण्याची शक्यता, आणि उरलेल्या १४ मध्ये काय दडलंय

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, आकडे पुन्हा तपासून घातले आहेत.)

आजचा विषय एका फोनमुळे सुचला. माझा मावसभाऊ, वय पंचवीस, नोकरीला लागून तीन वर्षं झालीत. त्याने मला एक स्क्रीनशॉट पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. "दादा, बघ ना. निफ्टीचा पुट विकायचा. ८६ टक्के शक्यता नफ्याची आहे, ॲपच सांगतंय. दहा लॉट केले तर महिन्याला पन्नास हजार."

मी विचारलं, "मार्जिन कुठून आणणार?"

म्हणाला, "फ्लॅटच्या डाउन पेमेंटचे पंधरा लाख पडूनच आहेत. बुकिंगला अजून वर्ष आहे."

त्याला फोनवर जे सांगितलं ते धड सांगता आलं नाही. म्हणून बसून हिशेब केला, आणि तोच आज तुमच्यासमोर मांडतोय. त्या स्क्रीनवरचा ८६ टक्के हा आकडा खोटा नाही. पण तो एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: किती वेळा जिंकाल? हराल तेव्हा किती हराल, याबद्दल तो काहीच बोलत नाही.

आधी हा ८६ येतो कुठून ते बघू

भावाचा सौदा सोप्या आकड्यांत घेऊ. निफ्टी फ्युचर २२,५०० वर आहे. एक्स्पायरीला ३० दिवस आहेत. इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे आयव्ही, १४ टक्के. तो २१,६०० चा पुट विकणार, म्हणजे बाजाराच्या चार टक्के खालचा. ब्लॅक-शोल्स पद्धतीच्या सूत्राने या पुटची किंमत येते साधारण ७१ पॉइंट. लॉट साईज अधूनमधून बदलत असते, मी इथे ७५ धरतोय. म्हणजे एका लॉटला ५,३०० रुपयांच्या आसपास, दहा लॉटला ५३ हजार. भावाचे "महिन्याला पन्नास हजार" ते हेच.

ऑप्शन चेनमध्ये या पुटसमोर डेल्टा दिसतो: ०.१५. पुटचा असल्यामुळे समोर उणे चिन्ह असतं, ते सोडून द्या. डेल्टाचा मूळ अर्थ शक्यता नाहीच. निफ्टी एक पॉइंट हलला तर प्रीमियम किती हलेल, एवढाच त्याचा अर्थ. मग लोक त्याला शक्यता का म्हणतात? असा विचार करा. एक्स्पायरीला निफ्टी २१,६०० च्या खाली गेला असेल, तर प्रत्येक पॉइंटमागे पुट एक पॉइंट हलतो. वर असेल तर हलतच नाही, शून्य. आज आपल्याला माहीत नाही की यातलं काय होणार, म्हणून आजचा डेल्टा हा त्या "एक" आणि "शून्य" यांच्या मधला कुठलातरी आकडा असतो. पुट पैशात जाण्याची शक्यता जितकी जास्त, तितका तो एककडे झुकतो. म्हणून ०.१५ डेल्टा म्हणजे अंदाजे १५ टक्के शक्यता, आणि विकणाऱ्यासाठी ८५ टक्के.

अंदाजे का? कारण सूत्रात डेल्टा येतो d1 वरून आणि पैशात जाण्याची शक्यता येते d2 वरून. आपल्या उदाहरणात पहिला १५ टक्के आहे आणि दुसरी १६. फरक एवढाच.

तिसरा आकडा ब्रेकइव्हनचा. विकणाऱ्याला ७१ पॉइंट आधीच मिळालेत, त्यामुळे निफ्टी २१,६०० च्या खाली गेल्या गेल्या तोटा होत नाही. तोटा सुरू होतो २१,५२९ च्या खाली. तिथपर्यंत न जाण्याची शक्यता येते ८६ टक्के. स्क्रीनवर POP, म्हणजे प्रॉबेबिलिटी ऑफ प्रॉफिट, म्हणून सहसा हाच आकडा दाखवतात. स्ट्रँगल विकला असेल तर वर एक आणि खाली एक असे दोन ब्रेकइव्हन असतात, आणि पीओपी म्हणजे त्या दोघांच्या मध्ये राहण्याची शक्यता. तत्त्व तेच.

ज्यांना स्वतः करून बघायचंय त्यांच्यासाठी पायथनचा तुकडा देतोय. बोलताना कोड वाचून दाखवण्यात अर्थ नव्हता.

```python
from math import log, sqrt
from statistics import NormalDist

N = NormalDist().cdf
F, K, vol, days = 22500, 21600, 0.14, 30

s = vol * sqrt(days / 365)
d1 = log(F / K) / s + s / 2
d2 = d1 - s
put = K * N(-d2) - F * N(-d1)
be = K - put
pop = N(log(F / be) / s - s / 2)

print(N(-d1), N(-d2), put, pop)
print(put / N(-d2) - put)
```

पहिल्या ओळीत डेल्टा, पैशात जाण्याची शक्यता, प्रीमियम आणि पीओपी येईल. दुसऱ्या ओळीत एकच आकडा येईल, साधारण ३७७. आजचा खरा विषय तो ३७७ आहे.

पैशात गेला तर सरासरी किती खोल जातो?

हे काढायला वेगळं काही लागत नाही. प्रीमियम म्हणजे काय? मॉडेलच्या भाषेत, एक्स्पायरीला पुटची जी सरासरी किंमत होईल ती. शंभरपैकी ८४ वेळा ती शून्य आहे. म्हणजे ७१ ची सगळी सरासरी उरलेल्या १६ वेळांतूनच यायला हवी. मग ७१ ला ०.१६ ने भागा. येतात साधारण ४४८ पॉइंट. (इथे आणि पुढे मी भागाकार पूर्ण दशांशांसह केलाय, बोलताना गोल करून सांगतोय.) याचा अर्थ, निफ्टी जेव्हा २१,६०० च्या खाली जातो, तेव्हा सरासरी ४४८ पॉइंट खाली जाऊन थांबतो. त्यातून मिळालेले ७१ वजा केले की तोटा ३७७.

आता दोन्ही बाजू शेजारी ठेवा. ८४ वेळा ७१ मिळतात, म्हणजे जवळपास ६,०००. १६ वेळा सरासरी ३७७ जातात, म्हणजे तेही जवळपास ६,०००. बेरीज शून्य.

भावाला हे ऐकून धक्का बसला. खरं तर बसायला नको. मॉडेलने काढलेली किंमत योग्य किंमत असते, म्हणजे त्या किमतीला विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सरासरी काहीच मिळत नाही. ब्रोकरेज, एसटीटी वगैरे वेगळं, ते तर जातंच. ८६ टक्के जिंकण्याची शक्यता आणि शून्य सरासरी नफा या दोन गोष्टी एकाच सौद्यात आरामात नांदतात. हवं तर अजून लांबचा स्ट्राइक घ्या. पीओपी ९५ होईल, प्रीमियम आटेल, आणि एका हरण्यात कितीतरी जास्त जिंकणी खर्ची पडतील. बेरीज पुन्हा शून्य. तेव्हा जास्त पीओपी म्हणजे जास्त फायदा असं नाही. नफा बारीक बारीक तुकड्यांत येणार आणि तोटा एका घासात जाणार, एवढंच तो सांगतो.

विकणाऱ्यांना दीर्घकाळात पैसे मिळू शकतात ते वेगळ्या कारणाने. आयव्ही बऱ्याचदा प्रत्यक्षात होणाऱ्या हालचालीपेक्षा थोडी जास्त असते, तो फरक त्यांच्या पदरात पडतो. पण तो फरक पीओपीत दिसत नाही. पीओपी त्याच आयव्हीवरून काढलेला असतो.

तेव्हा पहिली सवय ही: स्क्रीनवर डेल्टा आणि प्रीमियम दोन्ही दिसतात. प्रीमियमला डेल्टाने भागा. ७१ भागिले ०.१५, साधारण ४७५. अचूक उत्तर ४४८ होतं, पण अंदाजाला पुरेसं आहे. बाजार स्वतःच्या भावातून तुम्हाला सांगतोय की हराल तेव्हा सरासरी इतके पॉइंट आत जाल. भावाच्या दहा लॉटवर एका सरासरी हरण्याचे झाले २ लाख ८० हजारांच्या वर. ५३ हजारांच्या पाच महिन्यांपेक्षा जास्त.

सरासरीही पुरत नाही

आता खरी गोम. ३७७ ही सरासरी आहे, आणि तीही घंटेच्या आकाराच्या वक्राने काढलेली. तो वक्र म्हणतो की मोठ्या घसरणी जवळजवळ होतच नाहीत. बाजाराचा इतिहास तसं म्हणत नाही.

२७ फेब्रुवारी २०२० ला, फेब्रुवारीच्या एक्स्पायरीला, निफ्टी ११,६३३ वर बंद झाला. पुढची मासिक एक्स्पायरी २६ मार्चला होती. त्या दिवशी बंद ८,६४१. एका एक्स्पायरीपासून दुसरीपर्यंत जवळपास २६ टक्के घसरण. मधल्या २३ मार्चला तर एकाच दिवसात निफ्टी १३ टक्के पडला होता आणि ७,६१० वर बंद झाला होता.

हीच टक्केवारी भावाच्या सौद्याला लावू. २२,५०० चे होतात १६,७१३. २१,६०० चा पुट विकलेला माणूस, मिळालेले ७१ धरून, ४,८१५ पॉइंट तोट्यात. प्रीमियमच्या ६७ पट. दहा लॉटवर ३६ लाख रुपये. खात्यात पंधरा लाख आहेत. म्हणजे डाउन पेमेंट गेलं ते गेलंच, वर ब्रोकरला एकवीस लाख देणं लागतो. पुट विकताना पैसे आपल्याला मिळतात, त्यामुळे हे उधारीचं काम आहे हे चटकन लक्षात येत नाही. मार्जिन म्हणजे तोट्याची मर्यादा नाही, ती फक्त अनामत आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. भावानेच काढला, आणि चांगला काढला. "दादा, तेव्हा बाजार आधीच घाबरलेला होता. आयव्ही जास्त असणार. मी १५ डेल्टाच विकला असता, पण तो लांबचा असता आणि प्रीमियमही बरा मिळाला असता."

बरोबर. मग तसाही हिशेब करू. मी २७ फेब्रुवारीसाठी आयव्ही २० टक्के धरली. हे माझं गृहीत आहे, त्या दिवशीचा प्रत्यक्ष भाव नव्हे. १५ डेल्टाचा स्ट्राइक येतो ११,००० च्या जवळ आणि प्रीमियम ५१. एक्स्पायरीला तोटा २,३०८ पॉइंट. ६७ पट नाही, पण ४५ पट आहेच. पावणेचार वर्षांचे महिने, त्यातही एकही न हरता.

आणि २० टक्के आयव्ही धरल्यावर या घसरणीची शक्यता तो वक्र किती देतो माहितीये? साधारण दोन कोटी महिन्यांतून एकदा. अठरा लाख वर्षं! प्रत्यक्षात ऑक्टोबर २००८ च्या एका महिन्यातही निफ्टी २६ टक्के पडला होता. म्हणजे बारा वर्षांत दोनदा.

आता नीट बघा, यातलं पीओपीत काय बदललं. समजा तुम्ही मॉडेल सुधारलं. ब्रेकइव्हनच्या खाली जाण्याची शक्यता १४ टक्केच ठेवली, पण त्या १४ च्या आत थोडी शक्यता उचलून ५ टक्के घसरणीवरून २५ टक्के घसरणीवर नेऊन ठेवली. सरासरी तोटा वाढला, सर्वात वाईट तोटा कैक पट झाला. पीओपी? ८६ च्या ८६. तो ब्रेकइव्हनच्या रेषेवर उभा राहून फक्त डोकी मोजतो, रेषेपलीकडे कोण किती लांब गेला हे बघत नाही.

माझ्या कामात याचं रोजचं उदाहरण आहे. सर्व्हिस ९९.९ टक्के वेळ चालू होती असा रिपोर्ट आला की आम्ही लगेच विचारतो, बंद होती तेव्हा काय झालं? पेज दोन सेकंद उशिरा उघडलं की लोकांची पेमेंट दोनदा कापली गेली? रिपोर्टात दोन्ही ०.१ टक्केच. ऑफिसात हा प्रश्न मी न चुकता विचारतो. स्वतःच्या ट्रेडिंग खात्यात मात्र अकरा महिने विचारला नाही.

माझे अकरा महिने आणि ४ जून

हो, मी पण हे केलंय. २०२३ च्या जुलैपासून मी दर आठवड्याला लांबचे पुट विकत होतो. शंभर क्वांटिटी, मार्जिन तीन-साडेतीन लाख. निवड करायची एकच पद्धत: पीओपी नव्वदच्या वर. अकरा महिन्यांत ५८ हजार कमावले होते. दोन-तीन आठवडे किरकोळ तोट्याचे गेले, बाकी सगळे हिरवे. मला वाटायचं, सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस आठवड्यांचा डेटा आहे, पद्धत सिद्ध झाली.

सिद्ध काय झालं होतं? समजा एखादी मोठी आपत्ती दर आठवड्याला एक टक्का शक्यतेची आहे. ती ४८ आठवड्यांत एकदाही न येण्याची शक्यता ०.९९ चा ४८ वा घात, म्हणजे ६२ टक्के. तेव्हा वर्षभराच्या स्वच्छ रेकॉर्डवरून त्या आपत्तीबद्दल जवळपास काहीच कळत नाही. माझ्या हिरव्या आठवड्यांनी मला पीओपी बरोबर आहे एवढंच सांगितलं. त्याबद्दल तर वादच नव्हता.

३ जून २०२४. लोकसभा निकालाच्या आदल्या दिवशी निफ्टी २३,२६४ वर बंद झाला, एक्झिट पोलमुळे बाजार उसळला होता. मी ६ जूनच्या एक्स्पायरीचे २२,००० चे पुट विकलेले होते. सव्वापाच टक्क्यांहून लांब, तीन दिवस बाकी. मॉडेलच्या मते निवांत.

४ जूनला निफ्टी खाली २१,२८१ पर्यंत गेला. माझा पुट सातशेहून जास्त पॉइंट आत होता, आणि मला मिळालेला प्रीमियम त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढाही नव्हता. व्होलॅटिलिटी भडकल्यामुळे पुटचा भाव त्या आतल्या किमतीच्याही वर होता. मार्जिन कमी पडल्याचा मेसेज आला. खात्यात टाकायला पैसे होते, पण हात थरथरत होते. मी सगळं परत विकत घेऊन सौदा बंद केला. तोटा ६१ हजार. अकरा महिने गेले, वर तीन हजार खिशातून.

आणि आता गंमत ऐका. त्या दिवशी निफ्टी बंद झाला २१,८८४ वर. दोन दिवसांनी, ६ जूनच्या एक्स्पायरीला, २२,८२१ वर. माझा पुट शून्यावर संपला असता. म्हणजे पीओपीच्या हिशेबात मी तो सौदा जिंकलो!

कारण पीओपी फक्त एक्स्पायरीच्या क्षणाबद्दल बोलतो, मधल्या वाटेबद्दल नाही. वाटेत कधीतरी स्ट्राइकला शिवण्याची शक्यता ढोबळमानाने शेवटी खाली असण्याच्या दुप्पट असते. विचार सोपा आहे: निफ्टी एकदा स्ट्राइकला टेकला की तिथून वर जाणं आणि खाली जाणं साधारण सारखंच शक्य. म्हणजे जितक्या वेळा शिवतो त्याच्या निम्म्याच वेळा शेवटी खाली राहतो. भावाच्या १६ टक्क्यांचे झाले तीसच्या वर. दर तीन महिन्यांतून एकदा, अंदाजे, त्याला स्क्रीनवर लाल आकडा आणि मार्जिनचा मेसेज बघत बसावं लागणार. त्यातल्या निम्म्या वेळा थांबलं तर सुटका आहे. कुठल्या निम्म्या, हे त्या क्षणी कळत नाही.

"मग स्टॉप लॉस लावू" हे पुढचं वाक्य असतंच. लावा, पण त्याची हद्द समजून घ्या. पहिलं म्हणजे स्टॉप लॉस लागला की तो सौदा हरलेला. शिवण्याची शक्यता दुप्पट असल्यामुळे तुमचा खरा जिंकण्याचा दर आता ८६ राहिला नाही. दुसरं म्हणजे बाजार रात्री बंद असतो आणि सकाळी भलत्याच ठिकाणी उघडू शकतो. २३ मार्च २०२० ला सकाळी दहा टक्क्यांचं लोअर सर्किट लागून व्यवहार ४५ मिनिटं थांबले होते. तेव्हा तुमची ऑर्डर तुमच्या भावाला पुरी होईल याची खात्री कुणीच देत नाही.

एका प्रयोगाने विषय संपवतो

भावाला शेवटी हे पटलं ते एका तुलनेने. त्याच सौद्यात अजून एक गोष्ट जोडू. २१,६०० चा पुट विकायचा आणि २०,६०० चा पुट विकत घ्यायचा. पुट स्प्रेड. विकत घेतलेल्या पुटची किंमत १४ टक्के आयव्हीने येते ४ पॉइंट. बाजारात मात्र तो चारला मिळत नाही, लांबच्या पुटची आयव्ही जवळच्यापेक्षा जास्त असते. याला स्क्यू म्हणतात. म्हणजे घंटेच्या वक्रावर बाजाराचा स्वतःचाच विश्वास नाही, लांबच्या आपत्तीसाठी तो जास्त पैसे मागतो. समजा तो १५ ला मिळाला.

आता हातात येतात ७१ ऐवजी ५६. ब्रेकइव्हन २१,५४४. पीओपी ८६.० वरून ८५.६.

आणि सर्वात वाईट तोटा? निफ्टी कितीही पडला तरी दोन स्ट्राइकमधलं अंतर १,००० वजा ५६, म्हणजे ९४४ पॉइंट. मार्च २०२० सारख्या महिन्यात उघड्या पुटला ४,८१५ आणि स्प्रेडला ९४४.

हे दोन सौदे स्क्रीनवर शेजारी ठेवा. एकात दहा लॉटवर ३६ लाख जाऊ शकतात, किंवा त्याहून जास्त. दुसऱ्यात ७ लाखांच्या थोडं वर जातात, त्यापुढे एक रुपयाही नाही. पीओपीला या दोघांत फरक दिसतो अर्ध्या टक्क्याहून कमी. उलट तो उघड्या पुटलाच किंचित चांगलं म्हणतो! यादी पीओपीने लावली तर उघडा पुट वर येणार आणि स्प्रेड खाली जाणार. मी अकरा महिने अशाच यादीतून वरचा सौदा उचलत होतो.

स्प्रेड फुकट नसतो. दर महिन्याला १५ पॉइंट जातात, म्हणजे मिळकतीचा पाचवा हिस्सा. मध्यम घसरणीत, म्हणजे निफ्टी २१,००० च्या आसपास थांबला तर, विकत घेतलेला पुट काही कामाला येत नाही आणि तोटा उघड्या पुटपेक्षा १५ पॉइंट जास्तच होतो. आणि ९४४ सुद्धा ५६ च्या जवळपास १७ पट आहे. फक्त तो आकडा सौदा घ्यायच्या आधी माहीत असतो.

म्हणून आता कुठलाही पुट विकण्याआधी मी कागदावर तीन आकडे लिहितो. पीओपी लिहितोच, त्याच्याशी माझं भांडण नाही. त्याखाली प्रीमियम भागिले डेल्टा, म्हणजे हरलो तर सरासरी किती आत. आणि त्याखाली निफ्टी २६ टक्के पडला तर किती रुपये, पॉइंट नव्हे, रुपये. लॉट किती घ्यायचे ते तिसरा आकडा ठरवतो. तो रुपयांचा आकडा वाचून मला रात्री झोप लागणार नसेल तर लॉट कमी होतात, किंवा खाली एक पुट विकत घेतला जातो.

भावाने काय केलं? पंधरा लाखांतले तेरा परत एफडीत टाकले. उरलेल्या दोनांवर दोन लॉटचा स्प्रेड घेतो. महिना चांगला गेला तर आठ हजार चारशे, अगदी वाईट गेला तर एक लाख एकेचाळीस हजार तोटा. मला अजूनही दोन लॉट जास्तच वाटतात, आणि मी ते त्याला सांगितलंय. त्याने ऐकून घेतलं. पण परवा त्याने पुन्हा एक स्क्रीनशॉट पाठवला, त्यात पीओपी कुठेच नव्हता. वहीच्या पानाचा फोटो होता, आणि त्यावर पेनाने तीन आकडे लिहिलेले होते.

तुमच्याही चालू सौद्याचा तिसरा आकडा आज काढून बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.